एका पानापुरती वाट

मागच्या महिन्यात गावी असताना ऑफिसातल्या हिशेबाच्या सर्व्हरवरचं एक पान बघायचं होतं. पाच मिनिटांचं काम. पण सर्व्हरचा पत्ता 192.168.1.50, म्हणजे ऑफिसच्या आतच चालणारा. बाहेरून पोहोचता येईल असं तिथं एकच लिनक्स मशीन होतं आणि त्यावर माझं एसएसएच खातं होतं.

"व्हीपीएन टाक ना," सहकारी म्हणाला. पण व्हीपीएन म्हणजे अख्खा लॅपटॉपच ऑफिसच्या नेटवर्कात नेऊन बसवणं. त्यासाठी दोन्हीकडे प्रोग्रॅम आणि चाव्या बसवाव्या लागतात, आणि काम झाल्यावर ती चावी रद्द करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. शिवाय माझ्या घरचा राउटरही 192.168.1 याच मालिकेतले पत्ते वाटतो. अशा वेळी लॅपटॉप त्या सर्व्हरला घरातच शोधत बसण्याची शक्यता असते. रोज दहा प्रोग्रॅम वापरायचे असते, तर हे सगळं निस्तरलं असतं.

मी एवढंच केलं:

```
ssh -N -L 9000:192.168.1.50:8080 ravi@office.example.com
```

हा एसएसएच बोगदा. त्याचं एक तोंड माझ्याच लॅपटॉपच्या 9000 पोर्टवर उघडतं. ब्राउझरमध्ये `http://localhost:9000` लिहिलं की मागणी कुलूपबंद होऊन त्या लिनक्स मशीनपर्यंत जाते, आणि तिथून पुढे ते मशीन सर्व्हरशी बोलतं. आदेशातला 192.168.1.50 हा पत्ता माझा लॅपटॉप नव्हे, पलीकडचं मशीन शोधतं. म्हणून घरच्या पत्त्यांशी टक्कर होत नाही. मात्र त्या मशीनपासून सर्व्हरपर्यंतच्या शेवटच्या टप्प्याला एसएसएचचं कुलूप नसतं, हे ध्यानात ठेवायला हवं.

पहिल्यांदा पान उघडलंच नाही. टर्मिनलवर `Connection refused` आलं. याचा अर्थ बोगदा शाबूत होता, पण पलीकडे 8080 वर कुणी ऐकत नव्हतं. सर्व्हरचा खरा पोर्ट 8081 निघाला. त्या जागी `administratively prohibited` आलं असतं, तर बोगदे काढायला तिथल्या व्यवस्थापकानेच मनाई केली आहे असं समजून त्याला फोन करावा. आडवाट शोधू नये.

एकाऐवजी ऑफिसातली चार-पाच पानं बघायची असती, तर प्रॉक्सी सोयीची. प्रॉक्सी म्हणजे आपल्या वतीने पान आणून देणारा मध्यस्थ; ज्या प्रोग्रॅमला तिचा पत्ता सांगाल, तोच तिच्याकडून जातो. साध्या प्रॉक्सीपर्यंतची वाट उघडी असू शकते. `ssh -D 1080` दिलं की लॅपटॉपवरच सॉक्स प्रॉक्सी उभी राहते आणि पलीकडची वाट एसएसएचची असते. फायरफॉक्समध्ये ती लावताना नावांचे पत्तेही प्रॉक्सीमार्फतच शोधण्याची खूण करायची, नाहीतर ऑफिसातली नावं त्याला सापडत नाहीत.

मी पान बघितलं, आकडा टिपला आणि `Ctrl+C` दाबलं. बोगदा तिथंच बंद झाला.