चेक परत आला? मेमोवरच्या तारखेपासून मोजायला लागा

आपल्या एका श्रोत्याने, जो फ्रीलान्स डिझायनर आहे, १४ जुलैला चेक रिटर्न मेमोचा फोटो पाठवला. रक्कम ४८,००० रुपये. कामाचे पैसे क्लायंटने चेकने दिले आणि तो चेक परत आला. आता काय करायचं, एवढाच त्याचा प्रश्न.

फोटो झूम करून तीन गोष्टी बघितल्या. चेकची तारीख ५ एप्रिल, मेमोची तारीख २ जुलै आणि कारण 'फंड्स इनसफिशियंट', म्हणजे देणाऱ्याच्या खात्यात पुरेसे पैसे नव्हते. सही जुळत नसती तर आधी नवीन चेक मागून बघितला असता. इथे मात्र कलम १३८ सरळ लागू होतं.

क्लायंट म्हणतोय, "पुढच्या आठवड्यात परत टाक, पास होईल." चेक परत टाकता येतो, पण तारखेपासून तीन महिन्यांच्या आतच. ५ एप्रिलच्या चेकची ती मुदत जुलैच्या सुरुवातीलाच संपली. म्हणजे हा चेक आता पुन्हा टाकून उपयोग नाही, आणि नवा मेमो मिळून नवी मुदत सुरू होण्याचा रस्ताही बंद. हातात आहे तो हाच मेमो.

आता हिशोब. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. याला ते २ जुलैलाच कळलं. तो दिवस सोडून मोजलं तर शेवटची तारीख १ ऑगस्ट. नोटिशीत चेक नंबर, तारीख, परत येण्याचं कारण आणि चेकच्या नेमक्या रकमेची मागणी हवी. स्पीड पोस्टाने पाठवायची आणि पावती व पोहोचल्याचा ट्रॅकिंग रिपोर्ट जपून ठेवायचा.

समजा, नोटीस २२ जुलैला पोहोचली. क्लायंटला तिथून १५ दिवस मिळतात, म्हणजे ६ ऑगस्टपर्यंत. तोवर तक्रार करायची नाही, आधी केलेली टिकत नाही. पैसे आले नाहीत तर ७ ऑगस्टपासून एक महिन्यात मॅजिस्ट्रेट कोर्टात तक्रार. आपलं खातं ज्या शाखेत आहे, तिथल्या हद्दीतलं कोर्ट चालतं. त्यामुळे क्लायंट दुसऱ्या शहरात असला तरी तिकडे धावावं लागत नाही.

तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडे माफी मागता येते. नोटिशीच्या ३० दिवसांना मात्र तशी सवलत नाही. ती मुदत हुकली तरी पैशांसाठी दिवाणी दावा लावता येतो, पण या चेकवर कलम १३८ ची फौजदारी तक्रार करता येत नाही.

म्हणून त्याला सांगितलं: मूळ चेक आणि मूळ मेमो नीट ठेव, बिल आणि काम पोहोचवल्याचे ईमेल एकत्र कर, आणि नोटीस याच आठवड्यात वकिलाकडून पाठव. क्लायंटशी बोलणं चालू राहू दे. त्याने मध्येच पैसे दिले तर उत्तमच, पण "देतो, देतो" ऐकत १ ऑगस्ट उलटू देऊ नकोस.