सोन्याच्या भावातला रुपया

भारतात पेढीवर लिहिलेला सोन्याचा भाव रुपयांत असला, तरी त्याची सुरुवात डॉलरने होते. लंडनच्या बाजारात दिवसातून दोनदा सोन्याचा भाव ठरतो आणि तो एका ट्रॉय औंसाला, म्हणजे ३१.१०३५ ग्रॅमला, इतके डॉलर असा सांगितला जातो. भारतात सोन्याच्या खाणी जवळजवळ नाहीतच. येणारा माल परदेशातून येतो आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये चुकवावे लागतात. म्हणून दहा ग्रॅमच्या भावाचा हिशेब असा असतो: औंसाचा डॉलरमधला भाव ३१.१०३५ ने भागायचा, दहाने गुणायचा, आलेल्या डॉलरांना त्या दिवशीच्या रुपयाच्या दराने गुणायचे आणि वर आयात शुल्क चढवायचे. त्यावरचा जीएसटी आणि दागिन्याची घडणावळ हा खरेदीचा खर्च असतो. धातूच्या परताव्यात तो धरत नाहीत.

या हिशेबात गुणाकार आहे, आणि परताव्याची फोड त्याच गुणाकारातून करावी लागते. धातूचा डॉलरमधला भाव किती पट झाला हा एक गुणक, डॉलरचा रुपयांतला दर किती पट झाला हा दुसरा. दोघांचा गुणाकार म्हणजे रुपयांतली वाढ. शुल्क बदलले असेल, तर त्याचा तिसरा गुणक. फोड समजून घ्यायला सप्टेंबर २०११ ते ऑगस्ट २०१३ हा काळ सर्वांत सोयीचा, कारण त्यात दोन मुख्य गुणक एकमेकांच्या विरुद्ध दिशेने पळाले.

सप्टेंबर २०११ च्या पहिल्या आठवड्यात लंडनचा भाव औंसाला १,८९५ डॉलरवर पोचला. तो त्या वेळचा उच्चांक होता. तेव्हा डॉलर सुमारे ४६ रुपयांना मिळत होता. २८ ऑगस्ट २०१३ रोजी धातूचा भाव १,४२० डॉलरच्या आसपास उतरला होता. पण त्याच दिवशी रुपयाने तोवरचा नीचांक गाठला आणि डॉलर ६८.८ रुपयांवर गेला. जगभरच्या सोनेधारकांनी या दोन वर्षांत चौथाई रक्कम गमावली असताना भारतातल्या बाजारात मात्र दहा ग्रॅमचा भाव ३४ हजारांच्या पुढे जाऊन विक्रम करत होता. ज्यांचे सारे लक्ष स्थानिक भावावर होते, त्यांना सोने महागले एवढेच दिसले.

आता आकडे मांडून पाहू. २०११ मध्ये दहा ग्रॅम सोने ६०९.२६ डॉलरचे होते. ४६ च्या दराने ते २८,०२६ रुपये झाले. २०१३ मध्ये तेच दहा ग्रॅम ४५६.५४ डॉलरचे; ६८.८ च्या दराने ३१,४१० रुपये. शुल्क बाजूला ठेवले, तर वाढ ३,३८४ रुपयांची, म्हणजे १२.१ टक्के. धातू २५.१ टक्क्यांनी घटला आणि डॉलर ४९.६ टक्क्यांनी चढला. या दोन टक्केवारींची बेरीज केली की २४.५ येते, खऱ्या वाढीच्या दुप्पट. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

उरलेले १२.४ टक्के कुठे गेले, हे आयताच्या शेतावरून चांगले समजते. शेताची लांबी म्हणजे डॉलरमधली किंमत, रुंदी म्हणजे रुपयाचा दर आणि क्षेत्रफळ म्हणजे रुपयांतली किंमत. दर ४६ च राहिला असता, तर १५२.७२ डॉलरच्या घसरणीमुळे ७,०२५ रुपयांचे नुकसान झाले असते. धातू जागच्या जागी राहिला असता, तर दर २२.८ रुपयांनी वाढल्यामुळे १३,८९१ रुपयांचा फायदा झाला असता. पण शेताची लांबी कमी झालेली असताना रुंदी वाढली. जे १५२.७२ डॉलर गेले, त्यांच्यावर दराच्या वाढीचा फायदा मिळणार कसा? तो कोपरा ३,४८२ रुपयांचा, आणि तो वजा करावा लागतो. १३,८९१ मधून ७,०२५ आणि ३,४८२ काढले की बरोबर ३,३८४ उरतात.

हा कोपरा धातूच्या नावावर टाकायचा की चलनाच्या, याला पक्के उत्तर नाही. तो दोघांचा मिळून आहे. कुणी तो स्वतंत्र ओळीत दाखवतो, कुणी निम्मा निम्मा वाटतो. वादच नको असेल, तर गुणकांचा लॉगॅरिदम घेतात, कारण तिथे गुणाकाराची बेरीज होते. धातूच्या ०.७४९ या गुणकाचा नैसर्गिक लॉग उणे ०.२८९, डॉलरच्या १.४९६ चा अधिक ०.४०३. बेरीज ०.११४, आणि एकूण १.१२१ या गुणकाचा लॉगही तेवढाच. बदल लहान असतील, महिन्याभराचे एक-दोन टक्क्यांचे, तर कोपरा नगण्य असतो आणि साधी बेरीजही चालून जाते. बदल मोठे झाले की ती चालत नाही.

दुसरी चूक भाषेत दडलेली आहे. त्या दोन वर्षांत रुपया ३३ टक्क्यांनी घसरला असे म्हटले, तर तेही खरे आहे: एका रुपयात जेवढे डॉलर येत होते, त्यांतले ३३ टक्के कमी झाले. पण सोन्याच्या हिशेबात लागतो तो डॉलरचा रुपयांतला दर, आणि तो ४९.६ टक्क्यांनी वाढला. दोन्ही आकडे एकाच घटनेचे आहेत. फक्त भागाकार उलटा केला आहे. बातमीतला ३३ चा आकडा उचलून धातूच्या घसरणीत मिळवणाऱ्याचा हिशेब कधीच जुळत नाही.

बाजारात मिळालेली वाढ १२ टक्क्यांपेक्षा जास्त होती, आणि तिचे कारण सरकारी आहे. २०११ मध्ये दहा ग्रॅमवर ठोक ३०० रुपये शुल्क होते, म्हणजे जेमतेम एक टक्का. जानेवारी २०१२ मध्ये ते किमतीच्या दोन टक्के झाले, मार्चमध्ये चार, जानेवारी २०१३ मध्ये सहा, जूनमध्ये आठ आणि ऑगस्टमध्ये दहा. शुल्कासह २०११ चा भाव २८,३२६ रुपये होता. २०१३ चा ३४,५५१. ज्याच्या घरात आधीचे सोने पडून होते, त्याची वाढ २२ टक्के झाली, आणि तिच्यातला नऊ टक्क्यांच्या आसपासचा तुकडा केवळ शुल्काच्या गुणकाचा होता. हा गुणक उलटही फिरतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणले गेले. १.०६ ला १.१५ ने भागले की ०.९२२ येते, म्हणजे लंडन आणि रुपया दोन्ही जागेवर असतानाही सोन्याच्या भावात जवळपास आठ टक्क्यांची घट व्हावी एवढा हा बदल होता.

याशिवाय एक छोटा चौथा तुकडा असतो: आयात करून पडणाऱ्या किमतीपेक्षा स्थानिक भाव किती वर किंवा खाली आहे तो. एरवी तो किरकोळ असतो. पण २०१३ च्या उत्तरार्धात, आणलेल्या सोन्यातले वीस टक्के निर्यातीसाठी राखून ठेवण्याची अट रिझर्व्ह बँकेने घातली, मालाची चणचण झाली आणि हा अधिमूल्याचा भाग औंसाला १०० डॉलरच्या वर गेला. दहा ग्रॅममागे तो दोन हजार रुपयांच्या घरात जातो. फोड करताना तिन्ही गुणक लावूनही काही उरलेच, तर ते बहुधा इथले असते.

फोड आकड्यांची होते, कारणांची होत नाही. २०१२-१३ मध्ये भारताची चालू खात्यावरची तूट देशांतर्गत उत्पन्नाच्या ४.८ टक्क्यांवर गेली होती आणि सोन्याची आयात हे तिचे एक मोठे कारण होते. तुटीमुळे रुपया ढासळला आणि रुपया सावरावा म्हणून शुल्क वाढले. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने रोखे खरेदी आवरती घेण्याचे संकेत दिले, तेव्हा सोने आणि रुपया दोघांनाही एकाच धक्क्याने खाली ढकलले गेले. कागदावर मात्र एक तुकडा उणे दिसतो आणि दुसरा अधिक.

त्याहून खोल मर्यादा मोजपट्टीची आहे. समजा, डॉलर जगातल्या सगळ्या चलनांच्या तुलनेत दहा टक्के वधारला आणि बाकी काहीच बदलले नाही. सोन्याचा डॉलरमधला भाव ९.१ टक्के घटेल, डॉलरचा रुपयांतला दर दहा टक्के वाढेल आणि रुपयांतला भाव तसाच राहील. फोड सांगेल की धातूने तोटा दिला आणि रुपयाच्या पडझडीने तो भरून काढला. प्रत्यक्षात सोने आणि रुपया दोघेही जागेवर होते. हलली ती मधली पट्टी. हाच हिशेब युरोमधून केला, तर दोन्ही तुकडे शून्य येतात. म्हणून ‘धातूचा परतावा’ हा शब्द नेहमी ‘डॉलरमधला’ असे धरूनच वाचायचा.

प्रत्यक्ष आकडे जमवताना वेळही सांभाळावी लागते. लंडनचा दुपारचा भाव भारतात संध्याकाळी साडेसात-साडेआठला ठरतो, तर रुपयाचा संदर्भ दर भर दुपारी जाहीर होतो. रुपया एका दिवसात दोन-तीन रुपयांनी हलला, तर या काही तासांतच हिशेब शेकडो रुपयांनी फसतो.

आणि वाटणी कोणत्या दोन तारखांमध्ये केली, यावर सगळे अवलंबून असते. सप्टेंबर २०११ च्या त्याच खरेदीदाराने सोने डिसेंबर २०२४ अखेरपर्यंत ठेवले असे धरू. धातू २,६१० डॉलरच्या आसपास, म्हणजे १.३८ पट, डॉलर ८५.६ रुपये, म्हणजे १.८६ पट, सहा टक्के शुल्कासह दहा ग्रॅमचा भाव सुमारे ७६ हजार. लॉगमध्ये धातूचा वाटा ०.३२ आणि चलनाचा ०.६२, म्हणजे जवळपास दुप्पट. पण खरेदी डिसेंबर २०१५ अखेरीस, १,०६० डॉलर भाव आणि ६६.३ चा दर असताना झाली असती, तर धातूचा वाटा ०.९० आणि चलनाचा फक्त ०.२६ आला असता.