‘निधीचा गैरवापर’ लिहिण्याआधी

गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा तापते ती बहुतेक वेळा लेखापरीक्षण अहवालातल्या एखाद्या वाक्यावरून. ‘समितीने सिंकिंग फंडाचा गैरवापर केलेला आहे’ एवढेच छापलेले असते. सदस्य चिडतात, खजिनदार राजीनामा काढतो आणि फंड किती कमी पडला हे शेवटपर्यंत कोणालाच कळत नाही. दोष वाक्यात असतो. त्या वाक्याने निकाल दिलेला असतो, पुरावा दिलेला नसतो.

एक काल्पनिक संस्था घेऊ. सदनिका ४०. सिंकिंग फंड म्हणजे इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी किंवा मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा पैसा. आदर्श उपविधींनुसार तो बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का इतका जमवायचा आणि वेगळा गुंतवायचा असतो. या संस्थेत प्रत्येक घरामागे महिना २५० रुपये घेतले जातात. वर्षाचे झाले १,२०,०००, आणि ते सगळे वसूलही झाले. मुदत ठेवी मात्र ४०,००० रुपयांनीच वाढल्या.

मग ८०,००० ‘खाल्ले’ म्हणायचे का? जाणता लेखापरीक्षक इथे थांबतो आणि ३१ मार्चची शिल्लक पाहतो. संस्थेचे बचत खाते एकच आहे. त्यात आणि हातातल्या रोकडीत मिळून २६,००० रुपये आहेत. ही सगळी शिल्लक फंडाचीच मानली, तरी उरलेले ५४,००० दुसरीकडे खर्च झाले हे नक्की. खर्चाच्या पावत्या पाहिल्या तर पहारेकऱ्यांचा वाढलेला पगार दिसतो. मेंटेनन्सचा दर मात्र जुनाच आहे. कोणाच्या खिशात पैसा गेल्याचा पुरावा नाही.

आता वाक्य असे होते: ‘वर्षभरात सिंकिंग फंडापोटी १,२०,००० रुपये जमा झाले (खतावणी). त्यांपैकी ४०,००० रुपये मुदत ठेवीत गुंतवले (ठेव पावत्या). उरलेले ८०,००० रुपये उपविधीप्रमाणे गुंतवलेले नाहीत. वर्षअखेरची बँक व रोख शिल्लक २६,००० रुपये असल्याने किमान ५४,००० रुपये दैनंदिन खर्चासाठी वापरले गेले. त्यास आमसभेची मंजुरी इतिवृत्तात आढळली नाही.’ ‘आढळली नाही’ आणि ‘घेतली नाही’ यांत फरक आहे. पहिले लेखापरीक्षकाने स्वतः पाहिलेले असते, दुसऱ्यासाठी त्याला आणखी विचारपूस करावी लागते. समितीचा खुलासाही मुद्द्याखालीच, तिच्याच शब्दांत छापलेला बरा.

‘अपहार’ किंवा ‘फसवणूक’ हे शब्द तर विशेषणासारखे वापरण्याचे नाहीतच. हिशेबात गुन्हा घडल्याच्या निष्कर्षाला लेखापरीक्षक आला, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८१ प्रमाणे त्याला निबंधकांकडे वेगळा विशेष अहवाल द्यावा लागतो. तो न देता मुख्य अहवालात सूचक शब्द पेरणे म्हणजे आरोप करून जबाबदारी टाळणे.

आकडा पक्का की अंदाजाचा, हेही लिहिलेच पाहिजे. २०१० साली टू-जी स्पेक्ट्रमवरील ‘कॅग’च्या अहवालात संभाव्य तोटा वेगवेगळ्या गृहीतकांवर काढलेला होता, सर्वांत कमी अंदाज ५७,६६६ कोटींचा, सर्वांत मोठा १,७६,६४५ कोटींचा. लोकांच्या तोंडी मोठाच आकडा राहिला आणि त्यामागचे गृहीतक गळून पडले. आकडा आणि त्याचा आधार एकाच वाक्यात बांधणे हाच त्यावर लेखकाच्या हातातला उपाय.

आता गांभीर्य. आपल्या संस्थेत ८०,००० ही रक्कम छोटी वाटेल, पण ती वर्षाच्या फंडाची दोन-तृतीयांश आहे. ठेवी याच कारणाने मागच्या वर्षीही कमी पडल्या असतील तर शेरा ‘मध्यम’वरून ‘गंभीर’वर जातो. ही कारणे शेऱ्याशेजारीच लिहायला हवीत आणि मोजपट्टी अहवालाच्या सुरुवातीलाच द्यायला हवी. नाहीतर पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प नसणे आणि फंड रिकामा होणे, दोन्ही सारख्याच अक्षरांत छापले जातात.

शिफारशींत सर्वांत निरुपयोगी वाक्य कोणते, तर ‘यापुढे दक्षता घ्यावी’. ते पाळले की नाही हे पुढच्या वर्षी तपासताच येत नाही. त्याऐवजी लिहावे: ‘खजिनदाराने दरमहा १०,००० रुपये वसुलीच्या आठवड्यातच फंडाच्या ठेवीत वळते करावेत, मागील ८०,००० भरून काढण्याचे हप्ते व मेंटेनन्सचा नवा दर समितीने पुढील आमसभेत मंजुरीसाठी ठेवावा.’ इथे मूळ कारणालाच हात घातला आहे, कारण दर तोच राहिला तर फंड पुन्हा पगारात जाणार.

कलम ८२ प्रमाणे अहवालातील दोषांचा खुलासा आणि दुरुस्ती संस्थेने तीन महिन्यांत निबंधकांना कळवायची असते. हा दोष दुरुस्ती अहवाल पाहण्यासाठी सदस्यांनी आपल्या समितीकडे जरूर मागावा, आणि प्रत्येक मुद्द्यासमोर रक्कम, कागद आणि तारीख आहे का ते पाहावे.