नखाएवढ्या गोलातला चेहरा

नोकरीच्या प्रोफाइलसाठी काढलेला फोटो आपण मोबाइलवर मोठा करकरून बघतो. ज्याच्यासाठी तो काढला, त्या माणसाला मात्र तो तसा दिसत नाही. भरती करणाऱ्यासमोर नावांची लांबलचक यादी असते आणि प्रत्येक नावाशेजारी अंगठ्याच्या नखाएवढा एक गोल. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी चेहरे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याइतकाच वेळ दाखवले, तरी लोकांनी त्यावरून बांधलेलं मत हवा तेवढा वेळ घेऊन बनवलेल्या मताशी बरंच जुळलं. ते मत खरं असतं असं नाही, पण ते बनतं हे नक्की. म्हणून तयारीची सुरुवात त्या गोलापासून करावी. त्यात जे दिसणार नाही, त्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

समजा, नाशिकची एक मुलगी आहे. सीएकडची आर्टिकलशिप संपत आलीय, आता कंपन्यांच्या फायनान्स विभागात अर्ज करायचेत. रंग सावळा, केस लांब, डोळ्यांना चष्मा, कपाळावर टिकली. तिच्याकडे आत्ता जो फोटो आहे तो कॉलेजच्या फॉर्मसाठी काढलेला: फिकट निळा पडदा, पांढरा कुर्ता, तोंडावर पावडर, नजर समोर, ओठ घट्ट. ओळखपत्रासाठी तो ठीकच आहे. गोलात टाकला की मात्र कुर्ता आणि पडदा मिळून एक पांढुरका डाग होतो आणि मधला चेहरा काळपट दिसतो.

हे तिच्या रंगामुळे होत नाही, कुर्त्यामुळे होतं. कॅमेरा आपोआप उजेड ठरवतो तेव्हा सगळं चित्र मध्यम उजळ यावं असा त्याचा हिशेब असतो. चौकटीत पांढरं जास्त असलं की तो उजेड कमी करतो आणि चेहरा झाकोळतो. काळा कोट घातला तर उलट होतं, चेहरा धुतल्यासारखा फटफटीत येतो. चांगला छायाचित्रकार उजेड हाताने ठरवून हे टाळतो. मोबाइलवर बोट चेहऱ्यावर टेकवलं तरी बराच फरक पडतो. पण कपडाच मधल्या छटेचा असेल तर हा झगडा करावाच लागत नाही. मोरपंखी, गडद निळा, वांगी, वाइन, बाटलीहिरवा हे रंग सावळ्या-गव्हाळ चेहऱ्याखाली शांत बसतात. पोपटी, भडक गुलाबी, पिवळाधमक टाळावेत, कारण उजेड कापडावर आपटून वर उडतो आणि हनुवटीखाली, गालाच्या कडेला तोच रंग चढतो. पोपटी कुर्त्याने आजारी दिसणारे कितीतरी चेहरे प्रोफाइलवर आहेत. बारीक चौकटी आणि बारीक रेघांचे शर्टही नकोत. फोटो लहान झाला की त्या रेघा एकमेकींत मिसळून पाण्यासारख्या लहरी दिसायला लागतात.

आमच्या नाशिककर मुलीने मोरपंखी, साध्या विणीचा, बंद गळ्याचा कुर्ता घ्यावा आणि मागे फिकट राखाडी भिंत. ब्लेझर घालायलाच हवा असं मला वाटत नाही. खांद्यावर न बसणारा, मैत्रिणीकडून आणलेला ब्लेझर गोलातसुद्धा उसना दिसतो. टिकली राहू द्यावी, फक्त खड्याची नको, खडा चमकतो आणि नजर तिकडे जाते. इस्त्री मात्र गळ्याची आणि खांद्याची नीट हवी, कारण कपड्याचा दिसणार तेवढाच भाग.

चेहऱ्याच्या तयारीत सगळ्यात मोठी चूक उत्साहाची असते. आदल्या दिवशी फेशियल, ब्लीच, थ्रेडिंग सगळं एकदम उरकलं जातं आणि फोटोत कातडी लालसर, सुजरी येते. केस आठवडाभर आधी कापावेत म्हणजे ते बसतात. थ्रेडिंग दोन दिवस आधी. नवी क्रीम, नवं फेशियल त्या आठवड्यात नकोच. पुरुषांनी दाढी त्याच दिवशी, पण निघण्याच्या काही तास आधी करावी, आणि दाढी राखली असेल तर गळ्यावरची रेघ साफ करून घ्यावी. तेल लावलेले केस फोटोत चपटे आणि चिकट दिसतात, म्हणून आदल्या दिवशी धुवावेत.

पावडरचा मोह टाळावा. घामट चमक टिपकागदाने टिपली की काम होतं. सावळ्या चेहऱ्यावर टाल्कम राखेसारखी दिसते. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं सनस्क्रीन फ्लॅशचा उजेड परत फेकतं आणि आरशात नीट दिसणारा चेहरा फोटोत भुरका येतो. चष्मा रोजचा असेल तर काढू नये, मुलाखतीला ती चष्म्यातच जाणार आहे. काचेवर दिवा चमकत असेल तर चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित वर उचलाव्यात. काचा खाली झुकतात, चमक निघून जाते आणि समोरून काड्या उचलल्याचं कळतही नाही.

आता भाव. ‘स्माइल प्लीज’ म्हटलं की ओठ ताणले जातात आणि डोळे तसेच राहतात. दुशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली हा फरक स्नायूंवर बोट ठेवून दाखवला होता: खरं हसू आलं की डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळतो, आणि तो मनात आणून आवळणं अनेकांना अवघड जातं. म्हणून हसू आणायचा प्रयत्न सोडून द्यावा. मान खाली घालून डोळे मिटावेत, श्वास सोडावा, आणि तो सोडता सोडता वर बघावं. त्या पहिल्या क्षणी चेहरा मोकळा असतो. दोन-तीन सेकंदांत तो पुन्हा आखडतो, तेव्हा पुन्हा तेच करावं.

दुसरी अडचण डोळे फार उघडण्याची. टक्क उघडे डोळे घाबरल्यासारखे दिसतात. पीटर हर्ली हा न्यूयॉर्कचा छायाचित्रकार खालची पापणी किंचित वर घ्यायला सांगतो. लांबचा बोर्ड वाचताना आपण घेतो, तेवढीच. तिसरी गोष्ट हनुवटीची. कॅमेऱ्यासमोर माणूस मागे सरकतो आणि गळा दुमडतो. कपाळ जरा कॅमेऱ्याकडे आणावं आणि हनुवटी किंचित खाली. करताना वेड्यासारखं वाटतं, फोटोत जबड्याची रेघ स्वच्छ येते. स्वतःच हात लांब करून मात्र काढू नये. इतक्या जवळून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. मोबाइल कुणाच्या तरी हातात द्यावा, पाचेक फुटांवर उभं करावं आणि चित्र थोडं जवळ आणावं.

फोटो निवडताना घरच्यांचं आणि स्वतःचं मत दोन्ही बाजूला ठेवावं. आपण स्वतःला आरशात, म्हणजे उलटं बघतो, आणि त्याचीच सवय असते. १९७७ सालच्या एका अभ्यासात माणसांना स्वतःचं उलटं चित्र आवडलं, तर त्यांच्या मित्रांना सरळ. त्यामुळे आपल्याला ‘वाकडा’ वाटणारा फोटो इतरांना अगदी आपल्यासारखा वाटू शकतो. चार फोटो नखाएवढे करून ऑफिसातल्या सहकाऱ्याला दाखवावेत आणि एवढंच विचारावं की यातल्या कुणाकडे तू हिशेबाची फाइल देशील.

स्टुडिओत फोटो संगणकावर गेला की बऱ्याच ठिकाणी न विचारता चेहरा दोन छटा गोरा केला जातो आणि नाकाच्या कडेची रेघही पुसली जाते. आपल्या मुलीने तिथे बसूनच सांगावं: कालची पुटकुळी काढा, भिंतीवरचा डाग काढा, रंगाला आणि गालावरच्या तिळाला हात लावू नका. पुटकुळी चार दिवसांत जाणार आहे, तीळ मुलाखतीच्या खोलीतही सोबत असणार आहे.