सौरचूल दीड वाजता उघडते

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचं निमंत्रण पालकांच्या मोबाईलवर येतं ते एका फोटोसह. टेबलावर प्रतिकृती, मागे गणवेशातली मुलं आणि खाली दोन ओळी : 'सर्व पालकांचे स्वागत. वेळ १० ते ४.' अर्ध्या दिवसाची रजा टाकून पालक एक वाजता पोचतो, तर मुलं डबा खायला गेलेली असतात आणि टेबलं तेवढी जागेवर.

ती वेळ ठरवताना प्रयोगांना कुणी विचारलेलंच नसतं. सौरचुलीचं पाहा. काळ्या रंगाचं भांडं, वर काच, उन्हाकडे वळवलेला आरसा. साडेअकराला तांदूळ ठेवला तर भात व्हायला स्वच्छ उन्हातही साधारण दोन तास लागतात. येणाऱ्या प्रत्येकाला झाकण उघडून दाखवलं, तर साठलेली उष्णता निघून जाते आणि भात कच्चा राहतो. म्हणून 'सौरचूल दीड वाजता उघडणार' हे फोटोखाली लिहायलाच हवं.

लिंबाच्या बॅटरीची गोष्ट वेगळी. तांब्याची पट्टी आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खोचलेलं एक लिंबू जेमतेम ०.९ व्होल्ट देतं. लाल एलईडीला सुमारे १.८ व्होल्ट लागतात, म्हणून तीन-चार लिंबं एकापुढे एक जोडतात. वीज मात्र इतकी थोडी, की टॉर्चचा बल्ब पेटत नाही आणि एलईडीचा उजेडही खिडकीपाशी दिसत नाही. (ऊर्जा लिंबातून नव्हे, झिजणाऱ्या जस्तातून येते, हे टेबलापाशी उभ्या मुलाला सांगता आलं की प्रयोग त्याला कळला असं समजावं.) या टेबलाला पडदे ओढलेली खोली हवी, आणि ती कुठे आहे ते पालकांना आधी कळायला हवं.

प्रवेशद्वाराचाही असाच घोळ होतो. 'गेट क्र. २' हा आकडा शाळेच्या कागदावर असतो, फाटकावर रंगवलेला नसतो. रस्त्यावरून येणाऱ्याला खूण लागते.

राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीला, प्रदर्शन आहे असं समजू. मग मजकूर असा होईल :

'विज्ञान प्रदर्शन, शनिवार, २८ फेब्रुवारी. सकाळी १० ते १२.३० आणि दुपारी १.१५ ते ३. शेवटचा प्रवेश २.३०. प्रवेश मैदानाच्या बाजूच्या निळ्या फाटकातून. मुख्य फाटक बंद राहील. मुलाचे ओळखपत्र सोबत आणावे. दुचाकी मैदानाच्या कडेला. लिंबाची बॅटरी : तळमजला, अंधारी खोली. सौरचूल : गच्ची, दीड वाजता उघडणार, ढग असल्यास फक्त रचना पाहता येईल.'

वेळ बदलली, तर जुना फोटो तसाच पुढे फिरत राहतो. नव्या मजकुराची पहिलीच ओळ 'सुधारित वेळ' अशी असावी, आणि तोच कागद बंद असलेल्या मुख्य फाटकावरही चिकटवावा, निळ्या फाटकाकडे नेणाऱ्या बाणासह.