५५५ टायमर : चालू-बंदचा हिशेब

हान्स कामेनझिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखलेली ५५५ ही आठ पायांची आयसी १९७२ मध्ये बाजारात आली. दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर जोडला की तिच्या तिसऱ्या पायावर चौकोनी लहर मिळते, म्हणजे क्षणात चालू, क्षणात बंद होणारा व्होल्टेज.

आयसीचे लक्ष कपॅसिटरवर असते. R1 आणि R2 या दोन्ही रेझिस्टरमधून तो भरत जातो, तोवर आउटपुट चालू असते. पुरवठ्याच्या दोन-तृतीयांशापर्यंत, म्हणजे ९ व्होल्टच्या बॅटरीवर ६ व्होल्टपर्यंत तो भरला की आउटपुट बंद होते आणि सातवा पाय आतून जमिनीला जोडला जातो. मग कपॅसिटर फक्त R2 मधून रिकामा होतो. तो ३ व्होल्टवर उतरला की पुन्हा भरायला लागतो.

```
चालू वेळ = 0.693 × (R1 + R2) × C
बंद वेळ  = 0.693 × R2 × C
```

सेकंदाला एकदा एलईडी लुकलुकवायचा आहे असे समजा. सुरुवात कपॅसिटरपासून करावी, कारण त्याची मूल्ये मोजकीच मिळतात. रेझिस्टरमध्ये निवडीला भरपूर वाव असतो. कपॅसिटर १० मायक्रोफॅरड, R1 १० किलोओहम आणि R2 ६८ किलोओहम घेतला, तर चालू वेळ ०.५४ सेकंद आणि बंद वेळ ०.४७ सेकंद येते. एकूण वेळेतला चालू वेळेचा वाटा, म्हणजेच ड्यूटी सायकल, सुमारे ५३ टक्के.

हा वाटा ५० टक्क्यांवर आणता येत नाही, कारण भरताना R1 नेहमीच वाटेत असतो. R1 अगदी लहान करावा, तर सातवा पाय जमिनीला जोडला जाताच बॅटरीचा प्रवाह थेट त्या पायात शिरतो. R1 १०० ओहमचा असेल तर तो ९० मिलिअँपिअरच्या घरात जातो आणि आयसी तापते. म्हणून R1 निदान एक किलोओहमचा ठेवावा.

५० टक्के किंवा त्याहून कमी हवे असतील तर R2 ला समांतर १एन४१४८ डायोड लावावा, पट्टीचे टोक कपॅसिटरकडे. आता कपॅसिटर R1 आणि डायोडमधून भरतो, R2 मधून रिकामा होतो. मात्र दोन्ही रेझिस्टर सारखे घेतले तरी वाटा ५४ टक्क्यांच्या आसपास राहतो, कारण डायोड सुमारे ०.६ व्होल्ट खातो आणि भरणे मंदावते. ९ व्होल्टवर R2 ६८ किलोओहमचाच ठेवून R1 ५६ किलोओहमचा केला, की वाटा ४९ टक्क्यांवर येतो.

एलईडी एका मिनिटात साठऐवजी पन्नास वेळा लुकलुकला, तर आधी संशय कपॅसिटरवर घ्यावा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये छापील मूल्यापेक्षा २० टक्क्यांचा फरक सहज असतो. अचूक वेळ हवी असेल तर R2 च्या जागी ४७ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्याशी एकसरीत ५० किलोओहमचा प्रीसेट लावा आणि घड्याळ समोर ठेवून तो फिरवा.