बसली म्हणून जुळली असं नाही

माझी भाची डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी तिने रास्पबेरी पाय 5 हा छोटा संगणक घेतला, आणि खर्च वाचवायला माझ्या कपाटातल्या जुन्या पाय 4 चा कॅमेरा आणि सात इंची स्क्रीन मागून नेली. दोन्ही वस्तू उत्तम चालत होत्या, तेव्हा अर्ध्या तासाचं काम असं आम्ही धरून चाललो. दहाच मिनिटांत फोन आला, "मामा, पट्टी बसतच नाहीये."

पट्टी म्हणजे चपटी रिबन केबल. हाताच्या तळव्याएवढ्या या संगणकांवर कॅमेरा आणि स्क्रीन जोडण्यासाठी यूएसबीसारखं जाड तोंड नसतं. त्याऐवजी एक बारीक, लांबट सॉकेट असतं. त्याची प्लॅस्टिकची कडा नखाने वर उचलायची, पट्टीचं टोक आत सरकवायचं आणि कडा पुन्हा दाबायची. पट्टीच्या टोकाला एका बाजूने उघडे चकचकीत पट्टे असतात आणि पाठीमागे प्लॅस्टिकचा जाड तुकडा, बहुधा निळा. सॉकेटमधले धातूचे दात या पट्ट्यांवर टेकतात. बाकी कुठे खाच नाही, कोपरा कापलेला नाही. पट्टी चुकीची असेल तर सॉकेट अडवत नाही, त्याचं तोंड आणि पट्टीची रुंदी एकच हवी, एवढंच.

भाचीची पट्टी या रुंदीवरच अडली. पाय 4 पर्यंतच्या मोठ्या बोर्डांवर कॅमेऱ्याचं सॉकेट 15 पिनांचं आहे आणि दोन पिनांमध्ये एक मिलिमीटर अंतर, म्हणून पट्टी 16 मिलिमीटर रुंद. पाय 5 वर 22 पिना आहेत, पण अंतर अर्धा मिलिमीटर, म्हणून पट्टी साडेअकरा मिलिमीटरची. पिना वाढल्या आणि सॉकेट मात्र लहान झालं. चिमुकल्या पाय झिरोवर जागेअभावी हे अरुंद सॉकेट 2016 पासूनच आहे. 2023 मध्ये पाय 5 आला आणि तेच मोठ्या बोर्डावर आलं.

पिना का वाढल्या ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचा घोळ त्यातूनच कळतो. कॅमेरा चित्र पाठवतो ते तारांच्या जोड्यांवरून. एका जोडीतल्या दोन तारांवर उलटसुलट विद्युतदाब असतो आणि पलीकडचा संगणक त्या दोघांतला फरक वाचतो. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो, त्यामुळे फरक काढताना तो आपोआप वजा होतो. प्रत्येक जोडीच्या शेजारी एक जमिनीची, म्हणजे ग्राउंडची तार ठेवतात. अशा एका जोडीला लेन म्हणतात. जुन्या 15 पिनांच्या पट्टीत दोन लेन चित्रासाठी आणि तिसरी जोडी तालासाठी, म्हणजे क्लॉकसाठी असते. तीन जोड्यांच्या सहा तारा आणि त्यांच्याभोवतीच्या चार ग्राउंड मिळून दहा. उरलेल्या पाचांपैकी दोन तारांवर कॅमेऱ्याशी हळू बोलणं चालतं, म्हणजे ‘तू कोण’, ‘प्रकाश वाढव’ असल्या सूचना. या जोडगोळीला आय-टू-सी म्हणतात. दोन तारा किरकोळ इशाऱ्यांच्या आणि शेवटची 3.3 व्होल्ट विजेची. झाल्या पंधरा.

पाय 5 वर दोनऐवजी चार लेन दिल्या. प्रत्येक नव्या लेनला दोन तारा आणि एक ग्राउंड, म्हणजे सहा पिना वाढल्या. आणखी एक ग्राउंड मिळून 22. शिवाय पाय 4 वर कॅमेऱ्याचं सॉकेट एकीकडे आणि स्क्रीनचं दुसरीकडे होतं. पाय 5 वर दोन जुळी सॉकेटं शेजारीशेजारी आहेत आणि दोन्हींपैकी कशालाही कॅमेरा किंवा स्क्रीन लावता येते. पाय 4 वर स्क्रीनची पट्टी बोर्डाच्या ज्या टोकाला जायची, तिथे आता 16 पिनांचं तिसरंच सॉकेट आहे. ते वेगवान स्टोरेज वगैरे जोडण्यासाठीचं. सवयीने हात तिकडे जातो. भाचीचाही गेला. पण ते साडेआठ मिलिमीटरचंच, तेव्हा रुंदीने पुन्हा वाचवलं.

रुंदी जुळत नाही तिथे चूक घडतच नाही. चूक घडते ती रुंदी जुळली की.

दुकानातून भाचीने एका टोकाला 22 आणि दुसऱ्या टोकाला 15 पिना असलेली पट्टी आणली. अशा पट्ट्या सहज मिळतात आणि पाय झिरोची पट्टीही पाय 5 वर कॅमेऱ्याला चालते. जुन्या कॅमेऱ्याच्या मागचं सॉकेट 15 पिनांचंच, त्यामुळे तो लागला आणि चित्र आलं. तिने तशीच दुसरी पट्टी आणून स्क्रीनला लावली. स्क्रीनचं सॉकेटही 15 पिनांचं, तिथेही पट्टी बिनबोभाट बसली. स्क्रीन काळी ती काळीच.

इथे मला कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं. रास्पबेरी पायच्या सर्किटच्या नकाशात स्क्रीनच्या 15 पिनांचा क्रम कॅमेऱ्यासारखा नाही. कॅमेऱ्याला पहिल्या ग्राउंडनंतर शून्य क्रमांकाची लेन, मग पहिली लेन, मग क्लॉक. स्क्रीनला आधी पहिली लेन, मग क्लॉक, मग शून्य क्रमांकाची लेन. म्हणजे कॅमेऱ्याच्या पट्टीने स्क्रीनच्या क्लॉकच्या जागी पहिली लेन नेऊन ठेवली आणि खरा क्लॉक शून्य लेनच्या दारात उभा केला. पुढचं तर आणखी वाईट. कॅमेऱ्याच्या क्रमात 13 व्या आणि 14 व्या पिनेवर आय-टू-सीच्या तारा असतात. स्क्रीनच्या बाजूला 13 वी पिन ग्राउंडची आणि 14 वी विजेची. स्क्रीनचा दिवा लावण्याची सूचना याच आय-टू-सीवरून येते. तिची एक तार जमिनीला आणि दुसरी विजेला टेकली, मग सूचना पोचणार कुठून? सुदैवाने काही जळालं नाही. ते दैवच, कारण पट्टीने कसलीही हमी दिली नव्हती.

म्हणून पाय 5 साठी कॅमेऱ्याची आणि स्क्रीनची पट्टी वेगवेगळी विकतात. दोन्हींची टोकं 22 आणि 15 पिनांचीच, रुंदी तीच. आतल्या तारा मात्र निराळ्या वाटेने नेलेल्या असतात. दुकानात नुसतं ‘बावीस-पंधरा पट्टी’ म्हटलं तर हाती कुठलीही पडेल. ‘डिस्प्ले केबल’ की ‘कॅमेरा केबल’, हे शब्द उच्चारायलाच हवेत.

हा गोंधळ मुळात होऊ कसा दिला, असं तुम्ही विचाराल. यूएसबीत तोंडाचा आकार, पिनांचा क्रम आणि बोलण्याची भाषा असं सगळं एकाच नियमावलीत बांधलेलं आहे. कॅमेरा आणि स्क्रीनच्या या जोडणीचे नियम मिपी अलायन्स या संघटनेचे आहेत, आणि ते मुख्यतः मोबाईल फोनसाठी झाले. फोनच्या आत कॅमेरा आणि प्रोसेसर कारखान्यात एकदाच जोडले जातात. तिथे ग्राहक पट्टी बदलायला बसणारच नाही. म्हणून नियमांनी लेनवरची भाषा ठरवली आणि सॉकेट कुठलं, पिन कुठली हे बनवणाऱ्यावर सोडलं. फोनच्या पोटातली ती पट्टी आपल्या टेबलावर आली, इतकंच. एनव्हिडियाच्या जेटसन नॅनोवरही कॅमेऱ्याला 15 पिना आहेत आणि नंतरच्या ओरिन नॅनोवर 22. तिसऱ्याच बनावटीच्या बोर्डाबद्दल मात्र काहीच गृहीत धरू नये. त्याचा सर्किट-नकाशा उघडून 3.3 व्होल्ट कुठल्या पिनेवर आहे, एवढं तरी पट्टी लावायच्या आधी बघावं.

याहून घातक प्रकार एकच मला माहीत आहे, आणि तो दोन्ही टोकांना 15 पिना असलेल्या साध्या पट्टीत दडलेला असतो. काही पट्ट्यांचे चकचकीत पट्टे दोन्ही टोकांना एकाच बाजूला असतात, काहींचे एका टोकाला वर आणि दुसऱ्याला खाली. दुसऱ्या प्रकारची पट्टी कॅमेऱ्याच्या जोडणीत वापरली, तर पट्टे दातांवर टेकावेत म्हणून एक टोक पालथं करावं लागतं. टोक पालथं झालं की क्रमही उलटतो आणि पहिली पिन पंधराव्या पिनेशी जोडली जाते. कॅमेऱ्याच्या क्रमात पहिली ग्राउंड आणि पंधरावी 3.3 व्होल्ट. वीज कॅमेऱ्यात उलट्या दिशेने शिरते. पट्टीची पाकिटं नीट वाचत नाही त्यांनी निदान जुनी आणि नवी पट्टी शेजारी ठेवून दोन्ही टोकं ताडून बघावीत. आणि हे सगळं वीज बंद करून. चालू बोर्डात पट्टी सरकवताना ती क्षणभर तिरकी राहते, तेवढ्यात शेजारच्या दोन पिना एकत्र येऊ शकतात.

कॅमेऱ्यात बिघाड कुठे आहे हे संगणकालाच विचारता येतं:

```
rpicam-hello --list-cameras
```

`No cameras available!` असं उत्तर आलं तर आय-टू-सीवर ओळखपरेडच झालेली नाही. मग पट्टी चुकीची असेल, उलटी असेल किंवा नीट बसलेली नसेल. कॅमेऱ्याचं नाव यादीत दिसतं, पण चित्र मागितल्यावर `Camera frontend has timed out!` येतं, तर हळू बोलणं जमलंय आणि वेगवान लेन अडल्यात. अशा वेळी पट्टी किंचित तिरकी बसलेली किंवा कुठेतरी कडक दुमडून आतली तार तुटलेली असते. आधी वीज बंद करून टोक काढावं, सरळ धरून पुन्हा बसवावं आणि पट्ट्यांची चमकती रेघ दोन्ही कडांना सारखीच आत गेली आहे ना ते बघावं. माझ्या हातून असे बिघाड बहुतेकदा एवढ्यानेच सुटले आहेत. स्क्रीनला असा सोपा प्रश्न विचारता येत नाही. तिथे आधी पट्टीचा प्रकारच तपासावा.

दोन दिवसांनी डिस्प्लेची पट्टी आली आणि स्क्रीन लागली. आता भाचीकडे दोन 22-15 पट्ट्या आहेत, दिसायला जवळजवळ सारख्या. तिने एकीच्या शेपटीवर मार्करने ‘क’ लिहिलंय आणि दुसरीवर ‘प’, म्हणजे पडदा. जुनी रुंद पट्टी मात्र तिने मला परत केली. ती माझ्या पाय 4 वर अजूनही चालते.